पेटी जाईल का

माणूस नव्या घरात राहायला जातो त्याच्या कितीतरी आधी ते घर त्याच्या डोळ्यांत राहायला आलेलं असतं, आणि म्हणूनच न बांधलेल्या इमारतीचं चित्र काढणं ही एक गंभीर सामाजिक जबाबदारी आहे.

हे वाक्य अवनी धुरंधरनं मंगळवारी सकाळी उत्तराच्या सुरुवातीला लिहिलं, दोनदा वाचलं, आणि खोडलं. गिऱ्हाइकानं जबाबदारीबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्यानं विचारलं होतं की दोन्हीपैकी कुठलं घ्यायचं.

गिऱ्हाईक म्हणजे गिरगावातल्या लोबो मॅन्शनची सहकारी गृहनिर्माण संस्था. तीन मजले, लाकडी जिना, पुढेमागे गॅलऱ्या, चोवीस भाडेकरू. बिल्डरच्या नादी न लागता आपली इमारत आपणच पाडून चौदा मजल्यांची बांधायची, असं या चोवीस जणांनी ठरवलं होतं. चोवीस जणांचं एकमत झालेली ही एवढीच एक गोष्ट. आर्किटेक्टनं नकाशे दिले होते. पण नकाशा पाहून घर दिसत नाही, अशी तक्रार सर्व मजल्यांवरून आली. म्हणून संस्थेचे चिटणीस शरदचंद्र विजयकर यांनी डिलाईल रोडवरच्या एका स्टुडिओला पत्र लिहिलं. स्टुडिओ अवनीचा आणि तिचा भागीदार ब्रेंडन मिरांडाचा. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणं हा त्यांचा धंदा. पत्र असं:

‘महोदया, आमच्या इमारतीकरिता स्टिल इमेजेस योग्य की रिअल-टाइम वॉकथ्रू अधिक योग्य, याबाबत आपला अभिप्राय गुरुवारपर्यंत लेखी कळवावा. अभिप्राय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल.’

प्रश्न साधा होता आणि उत्तर अवनीला पाठ होतं. अडचण एवढीच की त्या उत्तरावर तिचं स्वतःचं काहीतरी लटकलं होतं.

गेले आठ महिने ती रिअल-टाइम शिकत होती. व्हिडिओ गेम ज्या यंत्रणेवर बनतात तीच यंत्रणा. फक्त बंदुकीच्या जागी मॉड्युलर किचन. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पंचविशीतल्या मुलांचे व्हिडिओ बघत, त्यांनी ‘हे तर सोपंय’ म्हटलं की थांबवून मागे घेत. ब्रेंडनला यात काडीचा रस नव्हता. तो अठरा वर्षं स्थिरचित्रं करत आलेला माणूस. कॅमेरा कुठे ठेवला की तीन मीटरची खोली साडेचार मीटरची वाटते, शेजारची इमारत कुठल्या झाडामागे लपते, हे त्याच्या बोटांत होतं. एक चित्र काढायला संगणकाला तीन-तीन तास लागत. तेवढा वेळ ब्रेंडन खिडकीत उभा राहून समोरच्या गाळ्यातली माणसं बघायचा आणि त्यालाच काम म्हणायचा.

जोरकस ग्राफिक्स कार्डाचं नवं मशीन दोघांनी मिळून घेतलं होतं, आणि आठ महिने ते अवनीच्या टेबलावर होतं. त्यावर एकही गिऱ्हाईक अजून चाललं नव्हतं. शेवटी ब्रेंडननं शांतपणे तोडगा काढला. तो चिडत नसे, हाच अवनीला त्याचा वैताग होता.

‘‘हे गिरगाववाले चालतो म्हणाले तर चालू दे. नाहीतर मशीन माझ्या टेबलावर, आणि तू परत किचनच्या चित्रांवर. ओके?’’

अवनी ओके म्हणाली. आठ महिन्यांपूर्वी ज्या किचनमधून ती बाहेर पडली होती ते एकशे सत्तावीस चित्रांचं होतं, आणि प्रत्येक चित्रात ओट्यावर तीच तीन हिरवी सफरचंदं होती.

तरीही पहिलं उत्तर तिनं प्रामाणिक लिहिलं. प्रामाणिकपणाला वेळ थोडा लागतो, पण सुरुवातीला तो स्वस्त पडतो. तिनं लिहिलं की स्थिरचित्रात संगणक एकच कोन घेऊन बसतो आणि प्रकाशाचा हिशेब सावकाश करतो, म्हणून चित्र देखणं येतं, कागदावर छापता येतं आणि सगळ्यांना तेच दिसतं. पण चौकटीबाहेर काय आहे ते कळत नाही, कारण चौकटीबाहेर आम्ही काही बांधलेलंच नसतं. रिअल-टाइम वॉकथ्रूत संगणक सेकंदाला साठेक चित्रं त्या त्या क्षणी काढत जातो, म्हणून बघणारा ठरवेल तिकडे जाता येतं. पण मग सगळे कोपरे बांधावे लागतात, ताकदवान मशीन लागतं, चालवणारं माणूस लागतं, आणि काही जणांना गरगरतं. नकाशात बदल झाला तर चित्रं एकेक करून पुन्हा काढावी लागतात. वॉकथ्रूत भिंत एकदा हलवली की सगळीकडून हललेली दिसते. तेव्हा कुठलं योग्य, हे तुम्हाला काय ठरवायचं आहे यावर अवलंबून आहे.

गुरुवारी दुपारी उत्तराला उत्तर आलं.

‘महोदया, आपल्या अभिप्रायाचा निष्कर्ष “अवलंबून आहे” असा दिसतो. “अवलंबून आहे” हा ठराव सभेस मंजूर करता येत नाही. कृपया एकच पर्याय कळवावा. सोबत सदस्यांच्या शंका जोडल्या आहेत, त्यांचेही निरसन व्हावे.’

विजयकर सरकारच्या भाषांतर खात्यातून निवृत्त झाले होते. इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करता करता त्यांची नोकरी सरली, आणि त्यातून त्यांना एक खात्री मिळाली होती: ज्या वाक्यावर सही करता येत नाही ते वाक्य नसतं.

शंका सात होत्या. बाल्कनीतून समुद्र दिसेल का (नाही). देव्हाऱ्यामागे कुणाचं संडास येतं का (येतं, नकाशात दिसतंय). सहावी शंका अशी होती: ‘सदस्य क्र. १४, श्रीमती विनिफ्रेड परेरा, वय ७९, नियोजित मजला नववा. घरातून पेटी बाहेर जाईल का? हे चित्रात दिसेल की चालण्यात?’

अवनीला हसू आलं. तिच्या स्वतःच्या मावशीकडे हार्मोनियम होती. गणेशोत्सवात आणि मंगळागौरीला ती घरोघर फिरायची, आणि प्रत्येक जिन्यात मावशी ‘पेटी सांभाळा रे’ म्हणून ओरडायची. एकोणऐंशी वर्षांच्या बाई अजून पेटी वाजवतात, आणि नव्या घरातूनही ती घेऊन जाणार म्हणतात, याचं तिला कौतुक वाटलं. गिरगावातले जुने ख्रिस्ती गाण्याला पक्के, हे तिनं ऐकलं होतं. बाकी सहा उत्तरांपेक्षा या उत्तरात तिनं जरा जास्त माया घातली:

‘पेटी अगदी सहज बाहेर जाईल, काळजी नसावी. वॉकथ्रूत ती जाताना आम्ही आपल्याला प्रत्यक्ष दाखवूही.’

आणि वर एका ओळीत: ‘आपल्या इमारतीसाठी रिअल-टाइम वॉकथ्रू अधिक योग्य.’

हे खोटं नव्हतं. चोवीस घरं, चोवीस तऱ्हा. चित्रं काढायची तर प्रत्येकाला आपल्याच खिडकीतलं हवं असणार. पण आपण हे गिऱ्हाइकासाठी लिहिलं की मशीनसाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. पत्र तिनं ब्रेंडनपुढे धरलं. मराठी पत्रं तो वाचत नसे. वाचता येत नव्हती असं नाही. वसईच्या शाळेत दहावीपर्यंत त्याची मराठीच होती. पण सरकारी मराठी बघितली की त्याला आपल्यावर कोणीतरी केस टाकलीय असं वाटायचं.

‘‘पाठव,’’ तो म्हणाला. ‘‘तूच लिहिलंयस ना, तर बरोबरच असेल.’’

पुढे जे झालं ते विजयकरांच्या परिपत्रकामुळे. संस्थेचा कारभार मराठीत चालतो, आणि ‘वॉकथ्रू’ हा शब्द सूचनाफलकावर लावणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी एक रात्र विचार केला. सकाळी फळ्यावर लागलं:

‘तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार नियोजित इमारतीकरिता स्थिरचित्रांपेक्षा प्रत्यक्षकालीन पदभ्रमण अधिक योग्य ठरत असल्याने रविवार, सकाळी दहा वाजता सदस्यांना नवीन इमारतीतून चालवून दाखविण्यात येईल. वृद्धांनी योग्य ती काळजी घ्यावी. तदनंतर सर्वसाधारण सभा.’

रविवारी अवनी आणि ब्रेंडन मशीन, मोठा टीव्ही आणि दोन एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन लोबो मॅन्शनच्या तळमजल्यावरच्या जुन्या व्यायामशाळेत पोचले तेव्हा सगळे सदस्य चालायच्या तयारीनं बसले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या यशोदाबाई कोठारे यांच्या पायात मुलानं पाठवलेले अमेरिकन बूट होते. कोणी टोपी घातली होती, कोणी पाण्याची बाटली गळ्यात अडकवली होती. गुडघ्याला पट्टा बांधलेले दोघे होते. एका गृहस्थांनी, नऊ मजले चढून जायचं म्हणून, आदल्या दिवशी डॉक्टरला विचारून घेतलं होतं आणि तसं पत्रही आणलं होतं.

चालायचं ते टीव्हीत, आणि तेही खुर्चीत बसून, असं अवनीनं सांगितल्यावर पाण्याची बाटली गळ्यातून उतरली. नवी इमारत अजून बांधलीच नाही हे सगळ्यांना माहीत होतं. ते स्वतःच तिच्या जागी राहत होते. पण सरकारी मराठीत लिहिलेलं असलं की माणूस आधी बूट घालतो, मग विचार करतो.

‘‘म्हणजे हा सिनेमा?’’ बुटांकडे बघत यशोदाबाई म्हणाल्या.

सिनेमा नाही, अवनीनं समजावलं. सिनेमात दिग्दर्शक नेईल तिकडे जावं लागतं. इथे तुम्ही म्हणाल तिकडे. आणि ते तिनं करून दाखवलं. दार उघडलं, दिवाणखाना आला, सकाळचं ऊन फरशीवर पडलं. यशोदाबाई म्हणाल्या स्वयंपाकघरात चल, ती गेली. खिडकीशी जा, ती गेली. खाली बघ, तिनं पाहिलं. खाली पार्किंगचे तीन थर दिसले. हळूहळू खोलीचा नूर पालटला. जो तो आपल्या घरात जायचं म्हणू लागला. ‘माझा फ्रिज इथे ठेव’, ‘दार आतल्या बाजूला उघड’, ‘अगं मागे वळ, तिकडे बेसिन हवं होतं’. डॉक्टरचं पत्र आणलेले गृहस्थ तर नवव्या मजल्यावर एकही पायरी न चढता पोचल्याबद्दल आभार मानून मोकळे झाले. ब्रेंडन मागे भिंतीला टेकून उभा होता. आपल्या अठरा वर्षांतल्या एकाही चित्राशी माणसं अशी बोलली नव्हती हे त्याला दिसत होतं, आणि दिसतंय हे तो लपवतही नव्हता.

विजयकरांनी टेबलावर वही उघडली. ठराव मांडायचं म्हणाले. कोणीतरी मांडलाच. अनुमोदनाचा हात अर्धा वर आला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून काठी वर झाली. विनिफ्रेड परेरा. फुलाफुलांचा फ्रॉक, केसांत एकही काळा केस नाही, आणि हातात अवनीच्या उत्तराची घडी घातलेली प्रत. सगळी इमारत त्यांना विनीबाय म्हणायची. त्या शांतपणे म्हणाल्या की माझं राहिलं. लिहून दिलंयस की दाखवीन.

‘‘हो हो, विनीबाय,’’ अवनी उत्साहात म्हणाली. ‘‘पेटी ना? कशी आहे, पायाची की हाताची?’’

‘‘पायाची?’’

‘‘म्हणजे पायानं भाता मारायची, की हातानं?’’

विनीबायनं काठी जमिनीवर टेकवली.

‘‘बाय, मी वाजवायची पेटी नाय विचारत. मला न्यायची पेटी विचारते.’’

मागे भिंतीला टेकलेला ब्रेंडन सरळ उभा राहिला. त्यानं पत्र वाचलं असतं तर त्याला एका क्षणात कळलं असतं. त्याच्या घरीही शवपेटीला नुसतं पेटीच म्हणत.

विनीबायनं मग सगळं नीट सांगितलं. आवाज न चढवता, बाजारभाव सांगावा तसं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून गेला. सहा जणांनी पेटी उचलली, गॅलरीतून सरळ, जिन्यावरून सरळ, कुठे वाकडी नाही की उभी नाही. आणि मागच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत, त्यांची चुलत बहीण ओलिव्हिया मालाडच्या एका टॉवरमध्ये वारली. तिथे घरातून पेटी वळेना. शेवटी बाईला चादरीत घेऊन खाली आणलं आणि पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे, पेटीत ठेवलं. फादर तिथेच उभा होता.

‘‘मला पार्किंगमधून नाय जायचं,’’ विनीबाय म्हणाल्या. ‘‘जाईल म्हणून तू सही केलीस. म्हणून मी माझी सही दिली. आता चालवून दाखव.’’

अवनीनं नवव्या मजल्यावरचं त्यांचं घर उघडलं. आतल्या खोलीतून निघाली, दाराआधीच्या छोट्या बोळातून गेली, दारातून बाहेर, लॉबीत काटकोनात वळली, लिफ्टशी थांबली. सात सेकंद. कुठे धक्का नाही.

‘‘झालं की,’’ अर्धा हात वर असलेले सदस्य म्हणाले. ‘‘लिफ्ट पण मोठी आहे, स्ट्रेचरची.’’

‘‘तू गेलीस, बाय,’’ विनीबाय म्हणाल्या. ‘‘पेटी गेली?’’

विजयकरांचं पेन वहीवर टेकलेलं होतं. ‘‘होय की नाही?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एकच पर्याय.’’

अवनीला नीट माहीत होतं की आता ‘होय’ म्हटलं तर ठराव होतो. ठराव झाला तर मशीन तिच्या टेबलावर राहतं आणि सफरचंदं ब्रेंडनला जातात. इमारत व्हायला चार वर्षं. विनीबाय एकोणऐंशीच्या. पेटीचा प्रश्न आला तरी तो कधी येईल, आणि तेव्हा वॉकथ्रू कोणाला आठवणार. शिवाय सात सेकंदांत सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं खोडायला कोण येतं.

तिनं मागे पाहिलं. ब्रेंडन टीव्हीच्या वायरकडे बघत होता. तो काही मदत करणार नव्हता. ना या बाजूनं, ना त्या.

‘‘माहीत नाही,’’ अवनी म्हणाली.

आणि मग तिला ते समजावून सांगावं लागलं. आत जे चालत होतं ते माणूस नाही. यंत्रणेच्या दृष्टीनं ती एक उभी कॅप्सूल आहे, औषधाची असते तशी, माणसाएवढी उंच आणि अडुसष्ट सेंटिमीटर जाड. तिच्या डोक्याशी कॅमेरा बसवलेला. ती कॅप्सूल जिथल्या तिथे गर्रकन वळते, म्हणून तिला कुठलाही कोपरा अडत नाही. आडव्या, दोन मीटर लांब वस्तूबद्दल तिच्या चालण्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ‘सहज जाईल’ असं मी लिहिलं ते हार्मोनियम समजून लिहिलं. माझी चूक.

खोलीत कुजबुज झाली. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला तज्ज्ञानं भाता कुठे म्हणून विचारलं, हे हळूहळू मागच्या रांगांपर्यंत पोचलं, आणि तिथून हसू उलट पुढे आलं. विनीबाय मात्र हसल्या नाहीत. ‘‘मग पेटी घाल ना आत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फ्रिज घातलास तसा.’’

हे करता येण्यासारखं होतं. अवनीनं माप विचारलं. ब्रेंडननं मागून सांगितलं: दोन मीटर, पासष्ट सेंटिमीटर, उंची पंचेचाळीस. त्याच्या वडिलांची तेवढी होती. सदस्यांनी चहा घेतला, तेवढ्या वेळात तिनं त्या मापाचा एक ठोकळा बनवला, भिंतींना तो अडेल अशी सोय केली, आणि तो आडवाच राहील, कलंडणार नाही, असं बांधून टाकलं. रंग द्यायला वेळ नव्हता. यंत्रणेचा मूळचा राखाडी चौकटीचौकटीचा रंगच राहिला. मग ठोकळा आतल्या खोलीतून निघाला.

बोळातून गेला. दारातून अर्धा बाहेर आला. वळू लागला. पुढचं टोक लॉबीच्या समोरच्या भिंतीला टेकलं, मागचं बोळाच्या भिंतीला. अवनीनं मागे घेतला, पुन्हा घातला, थोडा तिरपा करून पाहिला. चार वेळा. प्रत्येक वेळी तो तिथेच अडकला आणि बारीक थरथरला. अडलेल्या वस्तू या यंत्रणेत अशाच थरथरतात, पण ते त्या वेळी कोणी विचारलं नाही.

‘‘ओलिव्हिया,’’ विनीबाय म्हणाल्या.

पण सभेवर परिणाम भलताच झाला. लोक खूश झाले. जे नकाशात कुणाला दिसलं नाही, चित्रात कधीच दिसलं नसतं, ते वॉकथ्रूनं दाखवलं. यशोदाबाई उभ्या राहून म्हणाल्या की हीच पाहिजे, हिनं पेटी अडकवून दाखवली. तो अर्धा हात पूर्ण वर गेला. अवनीनं खोटं बोलायचं टाळलं होतं आणि त्याचं बक्षीस ताबडतोब मिळत होतं. असं सहसा होत नाही, त्यामुळे तिला ते क्षणभर खरं वाटलं.

इतका वेळ शेवटच्या रांगेत आर्किटेक्ट चिंतामणी नवलकर बसले होते. सत्तरीचे, पांढरा बुशशर्ट, इमारतीचे नकाशे त्यांचेच. आपल्या नकाशात पेटी अडकलेली पाहून त्यांना वाईट वाटलं असावं, पण ते दाखवायची त्यांची पद्धत वेगळी होती. ते पुढे आले, टेबलावर नवव्या मजल्याचा नकाशा पसरला, आणि खिशातून कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली. विजयकरांची कात्री मागून घेतली. पत्रिकेच्या जाड कागदाची एक पट्टी कापली, चार सेंटिमीटर लांब, तेरा मिलिमीटर रुंद.

‘‘नकाशा एकास पन्नास,’’ ते म्हणाले. ‘‘ही विनीबायची पेटी.’’

बोटानं ती पट्टी त्यांनी बोळातून सरकवली. दारापाशी वळवली. ती दोन्ही भिंतींच्या रेषांवर चढली. एकदा, दोनदा. नवलकरांनी मान हलवली, खिशातून पेन्सिल काढली, बोळाची भिंत पुसली आणि दार फिरवून थेट लॉबीच्या लांबीला समोरासमोर केलं. पट्टी पुन्हा सरकवली. सरळ लिफ्टपर्यंत गेली.

सगळं मिळून दीड मिनिट. पट्टीच्या एका बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचता येत होतं.

‘‘हे तुम्ही आधी का नाही केलंत?’’ विजयकरांनी विचारलं.

‘‘मला कोणी पेटी सांगितलीच नाही,’’ नवलकर म्हणाले. ‘‘मला फ्रिज सांगितला होता.’’

विनीबाय उठल्या. काठी टेकत टेबलाशी आल्या, आणि स्वतःच्या बोटानं ती पट्टी एकदा घरातून लिफ्टपर्यंत नेली. मग परत घरात आणून ठेवली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. जाता जाता अवनीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘तुझं पण छान आहे, बाय. पण ते बघून मला गरगरतं.’’

त्यानंतर ठराव व्हायला वेळ लागला नाही. विजयकरांनी मुद्देसूद मांडलं. नकाशात बदल झाला आहे. तो चोवीसही घरांना लागू आहे. सदस्यांना काय दिसत नव्हतं ते आता दिसलं आहे, आणि ते कागदावर दिसलं आहे. बदललेली लॉबी सर्वांना माहीत व्हावी म्हणून तिचं एक चित्र फळ्यावर लावलं की पुरे. फिरायची गरज उरलेली नाही. अवनीनं सांगून पाहिलं की हा बदल वॉकथ्रूत एकदाच करावा लागेल, बाकी सगळीकडे आपोआप दिसेल. तिनं हे पहिल्या उत्तरातही लिहिलं होतं. विजयकर म्हणाले, ते उत्तर ‘अवलंबून आहे’ होतं, ते दप्तरी दाखल झालेलं नाही. डॉक्टरचं पत्र आणलेल्या गृहस्थांनी विरोधी मत नोंदवलं. ते एकटेच.

वहीत लिहिलं गेलं: ‘आमच्या इमारतीकरिता एक (१) स्थिरचित्र योग्य, असे सर्वानुमते एक मत वगळता ठरले.’

टॅक्सीत टीव्ही दोघांच्या मांडीवर आडवा होता.

‘‘तू हो म्हणाली असतीस तर?’’ ब्रेंडननं विचारलं.

‘‘तर काय?’’

‘‘काय नाय. विचारलं.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘मी म्हटलं असतं. आणि मग रोज झोपताना ते बॉक्स हलताना दिसलं असतं.’’

अवनी म्हणाली की ते थरथरणं म्हणजे दोन भिंतींच्या टकरीचा हिशेब सुटत नसतो म्हणून होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्रेंडन म्हणाला, ते त्याला माहीत आहे.

सोमवारी तिनं मॉडेलमधली बोळाची भिंत काढली, दार फिरवलं, लॉबीत कॅमेरा उभा केला आणि एक बटण दाबलं. रिअल-टाइममधून स्थिरचित्र काढायला तीन सेकंद लागले. ब्रेंडन खिडकीपर्यंतही पोचला नव्हता. त्यानं परत येऊन चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कॅमेरा जरा खाली घेतला असतास तर लॉबी मोठी दिसली असती एवढंच म्हणाला. अवनी म्हणाली की लॉबी आहे तेवढीच दिसायला हवी. ठरल्याप्रमाणे दुपारी त्यानं मशीन उचलून आपल्या टेबलावर नेलं. वायरी अवनीनंच जोडून दिल्या, कारण त्या कशा लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पनवेलच्या एका गिऱ्हाइकाची सोळा किचनं आली होती.

चित्र विजयकरांना मिळालं. पोच आली. बुधवारी ते लोबो मॅन्शनच्या फळ्यावर लागलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची रंगीत शाई संपली होती, म्हणून काळंपांढरं.